नुसतं "डोळे दाखवायचेत" म्हणून नंबर लावू नका

सकाळचा राग अजून गेलेला नाही, म्हणून लिहितेय. लांबलचक आहे, पण घरात साठीपुढचं कुणी असेल तर शेवटपर्यंत वाचा.

शेजारच्या काकूंनी आज डोळ्यांच्या दवाखान्यात नंबर लावायला फोन केला. "डोळे दाखवायचेत," काकू म्हणाल्या. "नवीन पेशंट की जुने?" "जुने." "पुढच्या गुरुवारी साडेचारला या." फोन बंद. मग चहा गाळता गाळता काकू मला सहज सांगतात, "काल संध्याकाळपासून डाव्या डोळ्यापुढे चिलटं उडतायत गं, हाकलली तरी जात नाहीत. आणि अंधारात कडेला वीज चमकल्यासारखं होतं."

हे त्या फोनवर आलंच नाही! कारण कुणी विचारलंच नाही. "अचानक झालंय की हळूहळू?" एवढा एक प्रश्न विचारला असता, तर गुरुवार मिळालाच नसता. डोळ्यांच्या दवाखान्यात फोन उचलणाऱ्या माणसाला हा प्रश्न शिकवलेला नसावा, याचा मला भयंकर संताप येतो.

अचानक आलेले काळे ठिपके आणि चमक यांना घाबरायचं कारण असं. डोळ्याच्या आत जेलीसारखा पदार्थ असतो. वयानुसार तो पातळ होतो आणि मागच्या पडद्यापासून, म्हणजे रेटिनापासून, सुटतो. सुटताना पडद्याला ओढ बसते, त्याची ती चमक. पुष्कळांचं तेवढ्यावरच भागतं, काही करावं लागत नाही. पण काहींच्या पडद्याला त्या ओढीने चीर पडते, चिरेतून पाणी मागे शिरतं आणि पडदा सुटायला लागतो. नुसती चीर असेल तर बहुतेक वेळा लेझरने तिच्याभोवती डाग देऊन काम होतं. पडदा सुटला की ऑपरेशन, आणि मग नजर पूर्ण परत येईलच असं नाही. कुणाचं निभावलंय आणि कुणाला चीर पडलीय, हे बाहेरून कळत नाही. बाहुली मोठी करणारे ड्रॉप घालून आतून बघावंच लागतं. त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी. गुरुवारी नव्हे.

मी काकूंच्या हातातून फोन घेतला आणि परत लावला. संभाषण आठवेल तसं देतेय, कारण असंच बोलायचं असतं.

"नमस्कार, शेजारच्या काकूंसाठी बोलतेय, त्या इथेच आहेत. वय 68, शुगर आहे. कालपासून डाव्या डोळ्यापुढे अचानक काळे ठिपके आलेत आणि कडेला चमकतंय. आजच दाखवायचं आहे."

"डोळ्याला काही लागलंय का?"

"नाही."

"एका बाजूने पडदा ओढल्यासारखं, काळोख आल्यासारखं वाटतंय का?"

मी काकूंना उजवा डोळा झाकायला सांगून विचारलं. "नाही, सगळीकडे दिसतंय."

"मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय?"

"हो, त्याच डोळ्याचं, मागच्या वर्षी तुमच्याकडेच. फाइलचा नंबर सांगू?"

"सांगा... थांबा हं, डॉक्टरांना विचारते." मग, "साडेअकराला या. ड्रॉप घालून तपासतील, दोन-तीन तास धरून चाला."

"पडद्याचे डॉक्टर आज आहेत ना?"

"एक वाजेपर्यंत आहेत."

"काकूंनी खाऊन यायचं का? शुगरच्या गोळ्या?"

"नेहमीसारखं खाऊन, गोळ्या घेऊन या. जुनी फाइल आणा. सोबत कुणीतरी हवं, ड्रॉपनंतर धूसर दिसतं, गाडी चालवता येणार नाही."

"म्हणजे आज सकाळी साडेअकरा, पडद्याचे डॉक्टर, डावा डोळा. बरोबर? आपलं नाव काय?"

बघा, तीच मुलगी होती. मघाशी गुरुवार देणारी. योग्य शब्द कानावर पडले तसे तिने योग्य प्रश्न विचारले, उठून आत जाऊन विचारूनही आली. तेव्हा तिच्यावरचा माझा राग जरा उतरला. समोर रांग, एका कानाला फोन, दुसरा वाजतोय. राग आता तिला तिथे बसवून एक साधी प्रश्नांची चिठ्ठीही न देणाऱ्यांवर आहे.

तर पहिलं वाक्य तयार ठेवा. कोण, वय काय, कुठला डोळा, काय होतंय, कधीपासून. त्यात "अचानक" आणि "कालपासून" हे शब्द आलेच पाहिजेत. "नजर कमी झालीय" म्हटलं की समोरचा चष्म्याचा नंबर धरतो आणि चष्म्याची तारीख देतो. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन थोडेच दिवस झाले असतील आणि डोळा लाल होऊन दुखतोय, दिसायला कमी झालंय, तर ऑपरेशनची तारीख सगळ्यात आधी सांगा. तोही त्याच दिवशी दाखवायचा डोळा आहे.

"पडद्याचे डॉक्टर आज आहेत का?" हे विचारायला विसरू नका. पुष्कळ दवाखान्यांत ते ठरावीक वारीच येतात. आणि शुगरवाल्यांनी खाण्याचं विचारून घ्याच. डोळ्याची तपासणी म्हटलं की आपली माणसं आपल्याच मनाने उपाशी निघतात, आणि तिथे दोन-तीन तास बसून शुगर उतरते.

ऑनलाइन नंबर लावता येतो, हे मान्य. साध्या तपासणीला तो बराही पडतो. पण मोकळी वेळ निवडायच्या त्या चौकटीत काकूंची चिलटं कुठे लिहायची?

आणखी एक बोलते, कुणाला लागलं तर लागू दे. काकू एवढ्या थोडक्यात का बोलल्या? कारण घरात सगळे त्यांना सारखं म्हणतात, "फोनवर पाल्हाळ लावू नकोस." आपण आपल्या म्हाताऱ्या माणसांना गप्प करून ठेवलंय. त्यांना वाटतं, आपलं दुखणं सांगणं म्हणजे समोरच्याचा वेळ खाणं. काकूंनी रात्रभर ती वीज बघितली आणि सकाळी तीन शब्द बोलल्या. मला हे फार लागलं.

दुपारी ड्रॉप घालून बघितलं, तर पडद्याच्या वरच्या बाजूला बारीक चीर निघाली. लेझर आजच झालं. डॉक्टरांनी सांगितलंय, ठिपके काही आठवडे राहतील, पण ते एकदम वाढले किंवा कडेने काळा पडदा यायला लागला तर थांबायचं नाही. निघताना मी काउंटरवर विचारलं, "रात्री असं झालं तर कुठल्या नंबरवर फोन करायचा?" तो नंबर फाइलवर लिहून घेतला. तुम्हीही घ्या, दिवसाचा फोन रात्री कुणी उचलत नाही.

आणि "आज जागाच नाही" असं उत्तर आलं तर फोन ठेवू नका. "ठीक आहे, मग आज आम्ही कुठे दाखवू? पडदा तपासणारं जवळ कोण आहे?" असं विचारा. डोळ्यांच्या दवाखान्यात याचं उत्तर त्यांना माहीत असतं. तिथेही नाही जमलं तर नेत्रविभाग असलेल्या मोठ्या सरकारी रुग्णालयात जा, केसपेपर काढतानाच "अचानक" म्हणा.