फी ‘भेट’ म्हणून काकाच्या खात्यावरून पाठवू नका

“बाहेर देशात वर्षाला अडीच लाख डॉलरच पाठवता येतात, त्याच्या वर गेलं की केस होते. दहा लाखांच्या पुढं बँक वीस टक्के टॅक्स कापून घेते, तो पैसा गेलाच. म्हणून लेकराची फी काका, मामा, आत्याच्या खात्यावरून ‘भेट’ दाखवून दहा-दहा लाखांनी पाठवा. शेअरचे पैसेपण फीच्याच नावावर घाला.”

लातूर, उदगीर, नांदेडकडच्या पालकांच्या ग्रुपांवर हा मेसेज गेलं वर्षभर फिरतोय. मी लातुरात करसल्लागाराचं काम करते. हा मेसेज वाचून आलेल्या तीन घरांचे कागद मला निस्तरावे लागले, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी मर्यादेचं बघू. परदेशी पैसे पाठवायची रिझर्व्ह बँकेची योजना, जिला एलआरएस म्हणतात, 2004 साली 25,000 डॉलरवर सुरू झाली आणि 2015 पासून मर्यादा 2,50,000 डॉलर आहे. ती प्रत्येक निवासी माणसाला, अगदी अल्पवयीन मुलालाही, एप्रिल ते मार्च या आर्थिक वर्षासाठी मिळते. डॉलर 85 रुपयांना धरला तरी ही रक्कम दोन कोटींच्या वर जाते. आपल्याकडून परदेशी एमबीबीएसला किंवा मास्टर्सला जाणाऱ्या लेकरांचा वर्षाचा खर्च तिच्या जवळपासही नसतो. समजा गेलाच, तरी शिक्षण आणि उपचार या दोन कारणांसाठी विद्यापीठाच्या किंवा हॉस्पिटलच्या अंदाजपत्रकाइतकी रक्कम मर्यादेच्या वरही पाठवता येते. त्यासाठी रिझर्व्ह बँकेची वेगळी परवानगी लागत नाही. भेट आणि गुंतवणुकीला ही सूट नाही. म्हणजे मर्यादेची धास्ती कुणी घ्यायचीच असेल तर ती मोठी गुंतवणूक करणाऱ्यानं घ्यावी. हिशोब पॅनवर होतो, त्यामुळे चार बँकांत खाती असली तरी मर्यादा एकच. आणि गुंतवलेला पैसा त्याच वर्षी परत आणला तरी वापरलेली मर्यादा पुन्हा मोकळी होत नाही.

आता त्या वीस टक्क्यांकडे. लोक ज्याला टॅक्स म्हणतात तो टीसीएस आहे, म्हणजे तुमच्या आयकरापोटी बँकेनं आगाऊ गोळा केलेली रक्कम. ती तुमच्या पॅनवर जमा होते, फॉर्म 26AS मध्ये दिसते आणि रिटर्न भरताना करातून वजा होते. कर तेवढा नसेल तर परत मिळते. शिवाय दर सरसकट वीस टक्के नाही. 1 एप्रिल 2025 पासून वर्षाला पहिल्या 10 लाख रुपयांवर काही नाही. त्यापुढं भेट आणि गुंतवणुकीला 20 टक्के, तर स्वतःच्या पैशातून पाठवलेल्या फीला 2025-26 मध्ये 5 टक्के होते. 2026 च्या अर्थसंकल्पानं 1 एप्रिल 2026 पासून फीसाठी ते 2 टक्के केले. बँकेचं शैक्षणिक कर्ज असेल तर त्या रकमेवर टीसीएस नाहीच.

फीला ‘भेट’ म्हणण्यात अडचण काय, ते इथं कळतं. बँकेत परदेशी पैसे पाठवायचा A2 फॉर्म भरताना कारणाचा कोड द्यावा लागतो. शिक्षणाचा S0305, वैयक्तिक भेटीचा S1302. भेटीचा कोड टाकला की 10 लाखांच्या पुढच्या रकमेवर तुम्ही कमी दर सोडून आपण होऊन वीस टक्क्यांत जाता.

मेसेज लिहिणारा म्हणेल, प्रत्येक नातेवाइकानं दहाच लाख पाठवले तर टीसीएस शून्यच होतो ना. होतो, हे मी नाकारत नाही. पण त्याच फॉर्मवर पाठवणारा सही करून सांगतो की हा पैसा माझा स्वतःचा आहे आणि लिहिलेल्या कारणासाठीच जातोय. काकाचं उत्पन्न चार एकर सोयाबीनचं, रिटर्न कधी भरलेलं नाही, आणि खात्यात आदल्या दिवशी भावाकडून दहा लाख आलेले. ही रक्कम त्याच्या पॅनवर आयकर खात्याला दिसते. मग नोटीस काकाच्या दारात येते, आणि तिला उत्तर द्यायला त्याच्याकडे ना हिशोब असतो ना कागद. परकीय चलनाच्या कायद्यात दंड गुंतलेल्या रकमेच्या तिपटीपर्यंत जाऊ शकतो. एवढं ओढवून घेऊन मिळतं काय, तर जी रक्कम रिटर्नमध्ये तशीही परत येणार होती ती. माझ्याकडे आलेल्या एका घरात तर मुलीनं प्रवेश रद्द केला आणि विद्यापीठानं फी ज्याच्या खात्यातून आली त्यालाच परत केली. तो मामा तोवर बोलायचा बंद झाला होता. काकानं खरोखर स्वतःच्या कमाईतून पुतण्याची फी भरली तर त्यात काहीच गैर नाही. आईचे स्वतःचे पैसे असतील तर तिचे 10 लाख वेगळे धरले जातात, ते जरूर वापरावेत.

खरी बचत कुठं आहे ते एका हिशोबावरून दाखवते. उदगीरचे एक अडत व्यापारी, मुलगी मास्टर्ससाठी इंग्लंडला. 2025-26 मध्ये त्यांना 20 लाख फी, अमेरिकी शेअरसाठी 6 लाख आणि दुबईतल्या भावाला घरासाठी 2 लाख भेट पाठवायची होती. “म्याडम, फी आधी भरून मोकळं व्हावं म्हणतो,” असं ते म्हणाले. मी त्यांना थांबवलं. 10 लाखांची सूट कारणागणिक मिळत नाही. वर्षाला सगळी मिळून एकदाच मिळते, आणि जो पैसा आधी जाईल तो ती खातो. फी आधी गेली असती तर तिच्या वरच्या 10 लाखांवर 5 टक्क्यांनी 50,000, आणि मागून जाणाऱ्या 8 लाखांवर 20 टक्क्यांनी 1,60,000, असे 2,10,000 अडकले असते. फीची तारीख ऑगस्टअखेरची होती. म्हणून शेअर आणि भेटीचे 8 लाख जूनमध्येच गेले, त्यांवर शून्य. मग फीच्या 20 पैकी 2 लाख सुटीत बसले आणि 18 लाखांवर 90,000 लागले. नुसता क्रम बदलल्यानं 1,20,000 रुपये हातात राहिले. यंदाच्या 2 टक्क्यांनी हेच आकडे फी आधी गेली तर 1,80,000 आणि मागून गेली तर 36,000 होतील.

शेअरचे पैसे फीच्या नावावर घालण्याबद्दल थोडक्यात सांगते. फीची रक्कम सहसा थेट विद्यापीठाच्या खात्यात जाते आणि बँक प्रवेशपत्र मागते, त्यामुळे तो पैसा ब्रोकरच्या खात्यात पोचवायचा तर पुढचे कागदही खोटे करावे लागतात. गुंतवणुकीसाठी बँक साधारण वर्षभर जुनं खातं बघते. नवं असेल तर आधीचं स्टेटमेंट किंवा रिटर्न मागते. आणि एक गोष्ट कळकळीनं सांगते. मोबाइलवर चलनाच्या चढउताराचा सट्टा खेळवणाऱ्या परदेशी ॲपवर या योजनेतून पैसे पाठवायला मनाई आहे, मग रक्कम शंभर डॉलर असो की लाख.

उदगीरच्या त्या व्यापाऱ्यांची धांदल शेवटी एकाच ठिकाणी झाली. टीसीएस फीतून वजा होत नाही, वर द्यावा लागतो, आणि खात्यात नेमके वीस लाखच होते. बँकेनं व्यवहार थांबवला. त्यांनी मोंढ्यातून उचल करून 90,000 आणि बँकेच्या शुल्काचे पैसे भरले, दुसऱ्या दिवशी फी गेली. 15 सप्टेंबरचा आगाऊ कराचा हप्ता काढताना आम्ही हे 90,000 हिशोबात धरले, आणि हप्ता तेवढा कमी भरला.