चोरी नाही, पोतं फोडलंय!

स्टॉक जुळला नाही की लगेच दुकानातल्या पोरावर संशय? आधी आकडे तर बघा! सिस्टिममध्ये साखरेची 50 किलोची 4 पोती, गोदामात 3. एक किलोची पाकिटं सिस्टिममध्ये उणे 38, फळीवर मात्र 11. चोरीने साठा कधी उणे होतो का? पोतं फोडून 49 पाकिटं भरली आणि नोंदच केली नाही! मग उरलेला किलो कुठे गेला? पाकीट काट्यावर ठेवून बघा, प्रत्येकात 20 ग्रॅम जास्त आहे. आणि कारण न शोधता फरक ॲडजस्टमेंट मारून मिटवायचा, म्हणजे पुढच्या मोजणीला पुन्हा तीच बोंब! अरे, पोतं फोडलं की तिथल्या तिथे पोतं वजा आणि पाकिटं जमा करा ना!