केसांचा रंग नको, घोड्याचे पाय बघा

वाचकाची प्रतिक्रिया: "टॅरो कार्डावरून माणसाचं दिसणं सांगणारा तुमच्या लेखातला तक्ता बघून कार्डं काढली. नाइट ऑफ पेंटॅकल्स आला, शेजारी क्वीन ऑफ स्वोर्ड्स. तक्ता म्हणतो काळे केस, काळे डोळे, सावळा रंग. आमच्या ऑफिसात बावीस जण, सगळे असेच! दर सोमवारी सकाळी माझ्या टेबलावर ओल्या रुमालात गुंडाळलेली सोनचाफ्याची दोन फुलं असतात, चिठ्ठी नाही. मी भलत्याच माणसाला विचारलं आणि तोंडघशी पडले. असले तक्ते देता कशाला?"

ताई, तुमचा राग रास्त आहे. तो तक्ता मी जसाच्या तसा द्यायला नको होता. आज तो लेखातून काढला. तुमच्यावर ती वेळ आली याचं मला खरंच वाईट वाटतं.

तक्ता कुठला, ते सांगते. आज बहुतेकांच्या हातात असलेला गठ्ठा १९०९ मध्ये लंडनमध्ये निघाला. चित्रं पामेला कोलमन स्मिथ यांची, मांडणी आर्थर वेट यांची. वेट यांनी पुस्तकात गठ्ठ्यातल्या चार संचांनुसार केसांच्या रंगांची वाटणी दिली: वाँड्स म्हणजे पिवळसर किंवा तांबूस केस, कप्स म्हणजे फिकट तपकिरी, स्वोर्ड्स म्हणजे गडद तपकिरी, पेंटॅकल्स म्हणजे काळे. इंग्लंडमध्ये यातून चार गट तरी पडतात. आपल्याकडे एकच पडतो. शिवाय ही वाटणी अनोळखी माणूस शोधण्यासाठी नव्हतीच. समोर बसलेल्या, डोळ्यांना दिसणाऱ्या माणसासाठी गठ्ठ्यातून एक कार्ड आधी बाजूला काढायचं, ते कुठलं, एवढ्यापुरती ती होती. तिथेही वेट स्वतःच म्हणतात की माणूस काळ्या केसांचा पण फार तडफदार असेल, तर त्याला पेंटॅकल्सऐवजी स्वोर्ड्सचं कार्ड द्या. म्हणजे स्वभाव रंगाच्या वरचढ. आणि वाटणीत वाँड्स गोरे असले, तरी त्याच पुस्तकात आधी किंग ऑफ वाँड्सचा अर्थ 'सावळा पुरुष' असा येतो. जे मुळातच एकमेकांशी जुळत नाही, त्यावर कुणाचा संशय घेऊ नये.

मग कार्डात बघायचं काय? चारही नाइट शेजारी शेजारी ठेवा आणि फक्त घोडे बघा. स्वोर्ड्सचा भरधाव सुटलाय. वाँड्सचा पुढचे पाय उचलून उभा राहिलाय. कप्सचा सावकाश पावलं टाकतोय. पेंटॅकल्सचा काळा, जाडजूड घोडा चारही पाय रोवून उभा आहे, मागे नांगरलेलं शेत आहे, आणि स्वार नाणं समोर धरून आहे, पण त्याच्याकडे बघत नाही. ज्याला बोलायची घाई आहे, तो असा उभा राहणार नाही. स्वोर्ड्सवाला असता तर रात्री बाराला मेसेज टाकून मोकळा झाला असता, कप्सवाल्याने फुलांसोबत चार ओळी लिहिल्या असत्या.

आता तुमचा सोमवार बघा. ठरलेला वार, ठरलेली वेळ, शब्द एकही नाही. आणि ओला रुमाल! सोनचाफा उकाड्यात किती पटकन काळवंडतो हे ज्याला ठाऊक आहे, बहुधा ज्याच्या दारात किंवा वाटेवर झाड आहे, असं कुणीतरी. दिसणं विचाराल तर चेहरा सोडा, राहणी बघा: टिकाऊ चपला, तीच जुनी डब्याची पिशवी, स्वच्छ पण साधे कपडे. तुमच्या आधी ऑफिसात पोहोचणारं कोण, याने बावीसचे चार-पाचच उरतील. आणि नाइट म्हणजे पुरुषच, हेही धरून चालू नका.

कुणाला विचारण्याआधी एक करा. डोळ्यांनी तपासता येतील अशा तीन गोष्टी कागदावर लिहा आणि त्या किती जणांना लागू पडतात ते मोजा. दोनहून जास्त निघाले तर कार्डाने काही सांगितलं नाही असंच समजा. एकच निघाला तरी तो अंदाजच, पुरावा नव्हे. कार्डाला कुणाचं नाव ठाऊक नसतं. आधी नाव मनात धरून मग कार्डात त्याचा चेहरा शोधला, तर राजा, राणी, नाइट, पेज अशा माणसांच्या सोळाच्या सोळा कार्डांत तो सापडतो. मला वाटतं तुमच्याकडून तेच झालं.

राहिली क्वीन ऑफ स्वोर्ड्स. तिच्यात दुसरा उमेदवार शोधू नका. ताठ बसलेली, एका हातात तलवार सरळ धरलेली, दुसरा हात पुढे केलेला: 'ये, पण स्पष्ट बोल.' मला त्यात तुम्हीच दिसता. पुढच्या वेळी आपलं कार्ड आधी बाजूला काढून मगच पिसा, म्हणजे हा घोळ होणार नाही.

आणि फुलं आवडत असतील, तरच हे: तो रुमाल धुऊन, घडी घालून शुक्रवारी निघताना टेबलावर ठेवा, वर 'कोण?' एवढंच लिहून. आवडत नसतील तर त्याच कागदावर 'कृपया फुलं ठेवू नका' असं लिहा. त्यासाठी कार्ड काढायची गरज नाही.