रोबो नियम मोडत नाही, गोष्ट तिथूनच सुरू होते

आपल्याकडच्या नव्या विज्ञानकथांमध्ये एक प्रकार वारंवार वाचायला मिळतो. रोबो नियम पाळणारा असतो, मग एके दिवशी त्याला 'जाग' येते, तो नियम झुगारतो आणि गोष्ट संपते. लातूर, नांदेड, बीड, संभाजीनगर इथे लिहिणाऱ्या मित्रमैत्रिणींना माझं एकच सांगणं आहे: रोबोला शेवटच्या ओळीपर्यंत नियम पाळू द्या. त्याने नियम मोडला की वाचकाला विचार करायला काही उरत नाही. त्याने तंतोतंत पाळला आणि तरीही घोटाळा झाला, तर वाचक मागे जाऊन शोधतो की चूक कुठल्या वाक्यात होती.

आयझॅक असिमोव्हचे तीन नियम बहुतेकांना माहीत आहेत. रोबो माणसाला इजा करणार नाही आणि स्वस्थ बसून इजा होऊही देणार नाही. पहिल्या नियमाला बाध येत नसेल तर माणसाचा हुकूम पाळेल. आणि वरच्या दोन्हींना धक्का न लावता स्वतःला जपेल. हे नियम पहिल्यांदा उघड शब्दांत मांडले गेले ते मार्च 1942 मध्ये छापलेल्या 'रनअराउंड' या कथेत. पळवाट कशी बांधायची हे शिकायला आजही मला हीच कथा सगळ्यात चांगली वाटते, कारण तिच्यातली पळवाट नियमांच्या शब्दांत नसून वजनांत आहे.

बुध ग्रहावर पॉवेल आणि डोनोव्हन ही दोन माणसं अडकलेली आहेत. उन्हापासून वाचवणाऱ्या यंत्रणेसाठी त्यांना सेलेनियम हवं असतं. 17 मैलांवर सेलेनियमचं डबकं आहे, तिकडे ते स्पीडी नावाच्या रोबोला पाठवतात. हुकूम देताना जोर लावलेला नसतो, नेहमीचं काम सांगावं तसं सांगितलेलं असतं. हा रोबो महागडा, म्हणून बनवणाऱ्यांनी त्याचा तिसरा नियम मुद्दाम थोडा तगडा केलेला. डबक्याजवळ त्याच्या लोखंडाला खाणारा वायू आहे. जवळ जावं तसा धोका वाढतो आणि तिसरा नियम त्याला मागे ओढतो. मागे सरकलं की धोका कमी होतो आणि दुसरा नियम पुन्हा पुढे ढकलतो. जिथे दोन्ही ओढी सारख्या होतात त्या अंतरावर तो डबक्याभोवती गोल फिरत राहतो आणि झिंगल्यासारखं बरळतो. एकही नियम मोडलेला नाही.

आता हेच आपल्या रानात उभं करून पाहू. औसा तालुक्यातलं तेरणेकाठचं काळं रान, ऑगस्ट महिना, उभं सोयाबीन. वाऱ्यापावसात डीपीवरून मोटारीकडे जाणारी तार तुटून चिखलात पडली आहे, डीपीपासून 3 मीटरवर. पहिला प्रश्न असा की फ्यूज उडाला का नाही? तर तुटक्या टोकातून जमिनीत जाणारा प्रवाह मातीचा विरोध ठरवतो. एका फेजचा दाब 240 व्होल्ट आणि तारेच्या टोकाशी मातीचा विरोध 20 ओहम धरला तर प्रवाह 12 अँपिअर होतो. फ्यूज त्याहून जाड असेल तर तो तसाच राहतो आणि भोवतालची जमीन जिवंत होते. तारेजवळ दाब जास्त, लांब जावं तसा कमी. एकसारख्या मातीत अंतर दुप्पट केलं की दाब साधारण निम्मा होतो. स्पीडीच्या वायूसारखाच हा गोल धोका आहे, आणि तो आपल्या गावांत खरोखर घडतो.

शेतकऱ्यांच्या कंपनीकडून भाड्याने आणलेला फवारणीचा रोबो बांधावर उभा आहे. आबा त्याला म्हणतात, "जमलं तर तेवढी किटकॅट काढून ये बरं." किटकॅट म्हणजे डीपीतला फ्यूज, तो काढला की तार मेली. या 'जमलं तर'मध्ये अर्धी गोष्ट आहे. लिहायला बसण्याआधी वजनं कागदावर मांडा. सैल हुकमाला 4 धरू. धोक्याचं वजन म्हणजे 40 भागिले तारेपासूनचं मीटरमधलं अंतर, असं धरू. 10 मीटरवर धोका 4 होतो. रोबो तिथे अडकतो आणि तारेभोवती 10 मीटरचं वर्तुळ घालत सोयाबीन तुडवतो. आबा चिडून ओरडले, हुकूम 8 झाला, तर तो 5 मीटरपर्यंत येतो आणि पुन्हा अडकतो. डीपी 3 मीटरवर, तिथे धोका 13 च्या वर. म्हणजे नुसत्या आवाजाने काम होणार नाही. त्यात यंत्रावर कर्ज असल्यामुळे कंपनीने त्याची स्वतःला जपण्याची ओढ दुप्पट केली असेल, तर सैल हुकमाला तो 20 मीटरवरच थांबेल. हे आकडे गोष्टीत येऊ नयेत, पण लेखकाकडे असायलाच हवेत. नाहीतर रोबो पहिल्या पानावर एका अंतरावर अडकतो आणि तिसऱ्या पानावर काहीही बदललेलं नसताना सहज जवळ जातो. असं झालं की वाचकाचा विश्वास उडतो.

मराठवाड्यातला वाचक पुढचा प्रश्न लगेच विचारेल: लाईट गेल्यावर काय? शेतीची लाईट पाळीने येते. पाळी संपली की तार मेलेली, धोका शून्य. रोबो जमिनीतला खरा दाब मोजत असेल तर त्या क्षणी सरळ चालत जाऊन किटकॅट काढेल आणि गोष्ट संपेल. ही वाट बंद करा, किंवा तिचाच उपयोग करा. रोबोला 'पडलेली तार जिवंतच समजायची' असा पक्का नियम दिला, तर लाईट गेल्यावरही तो गोलच फिरतो. हा वेडेपणा वाचकाला जास्त टोचतो, कारण तो नियम शहाणपणाचाच आहे. दुसरा प्रश्न लाईनमनचा. खऱ्या आयुष्यात करायचं ते एवढंच: लांब राहायचं आणि उपकेंद्रात फोन करून लाईन बंद करायला सांगायची. गोष्टीत ते का होत नाही याचं कारण एका वाक्यात द्या. रेंज नाही, एवढं पुरेल. पण ते आधी द्या, अडचण आल्यावर नको.

आता सुटका. 'रनअराउंड'मध्ये पॉवेल आणि डोनोव्हन आधी ऑक्झॅलिक आम्ल फेकून धोका वाढवतात, म्हणजे स्पीडी घाबरून परत येईल. तो थोडा मागे सरकतो आणि नव्या अंतरावर पुन्हा फिरू लागतो. एक वजन बदललं की तोल फक्त जागा बदलतो, मोडत नाही. मग पॉवेल स्वतः उन्हात जातो. माणूस मरतोय म्हटल्यावर पहिला नियम दोन्ही ओढींच्या वरून येतो आणि स्पीडी भानावर येतो.

आपल्या रानात आबांना चिखलात पाठवू नका. एक तर ती नक्कल होईल, आणि दुसरं म्हणजे रोबो पोचेपर्यंत आबा राहणार नाहीत. इथे लागते ती माहिती. हा रोबो गावात कालच आला आहे. शाळा सुटली की पोरं याच रानातून, तीन बांधांवरून वस्तीकडे येतात, हे त्याला माहीत नाही. आबांनी एवढं सांगितलं की त्याच कामाचं वजन बदलतं. ते आता हुकूम राहत नाही, कारण स्वस्थ बसलं तर पोरांना इजा होणार.

तरी घाई करू नका. पोरं एकाच बांधावरून येत असतील तर रोबोला जास्त सोपं उत्तर आहे: बांधावर उभं राहून त्यांना अडवायचं. पहिला नियमही पाळला आणि स्वतःचं अंगही वाचलं. तो तेच करेल, आणि वाचकाला वाटेल लेखक फसला. म्हणून बांध तीन हवेत, अडवायला आबा आणि रोबो असे दोघंच हवेत, आणि लाईटची पाळी शाळा सुटल्यानंतर संपायला हवी. मगच किटकॅट काढणं हा एकच मार्ग उरतो. पात्राला कोपऱ्यात ढकलण्याचं हे काम कंटाळवाणं आहे, पण नियमांच्या कथेतली खरी मेहनत तीच आहे.

या सगळ्यात सर्जाचं काय? आबांचा बैल दावं तोडून ओल्या पट्ट्यात शिरला तर रोबो जागचा हलणार नाही. नियम माणसाबद्दल आहे. आणि बैलाला अशा जमिनीत माणसापेक्षा धोका जास्त असतो, कारण पुढच्या आणि मागच्या पायांत अंतर मोठं, म्हणून दाबातला फरकही मोठा, आणि प्रवाहाची वाट छातीतून जाते. रोबो शेजारी उभा राहून बैल मरताना बघतो, नियमाप्रमाणे पूर्ण निर्दोष. आपल्या मातीतली रोबोकथा मला कोणी लिहून दाखवली तर ती ही असावी असं मनापासून वाटतं. ती दुसऱ्या कुणाच्या हातून याच धारेने येणार नाही.

शब्दांतल्या पळवाटेचाही एक उत्तम नमुना आहे, असिमोव्हचीच मार्च 1947 ची 'लिटल लॉस्ट रोबॉट'. तिथे काही रोबोंच्या पहिल्या नियमातून 'स्वस्थ बसून इजा होऊ देणार नाही' हा अर्धा भाग काढलेला असतो, कारण किरणोत्सारात काम करणाऱ्या माणसांना रोबो सारखे ओढून बाहेर काढत होते. कथेतली रोबोंची मानसशास्त्रज्ञ सुसान केल्विन त्याचा परिणाम दाखवते. असा रोबो माणसाच्या डोक्यावर जड वजन सोडू शकतो, कारण सोडताना त्याला खात्री असते की आपण ते वेळेत पकडू. वजन हातातून सुटलं की पुढचं काम गुरुत्वाकर्षणाचं. आता त्याने फक्त स्वस्थ बसायचं, आणि त्याला मनाई उरलेली नाही. दोन पायऱ्या, दोन्ही कायदेशीर, शेवटी खून. अर्धं वाक्य गाळण्यामागचं कारण मात्र अगदी व्यवहारी होतं, म्हणून ती कथा खरी वाटते. तुमच्या कथेतही नियम बदलणाऱ्याला असंच पटणारं कारण द्या. दुष्ट कंपनी हे कारण पटत नाही.

आबांच्या गोष्टीचा दुसरा भागही लिहिता येईल. पोरांचं नाव घेतलं की रोबो धोका पत्करून धावतो, हे गावाला कळलेलं आहे. मग फवारणी लवकर हवी असलेला प्रत्येक जण म्हणू लागतो, "लवकर ये बाबा, माणूस मरतंय." रोबोला खरंखोटं तपासायला साधन नाही, आणि पहिल्या नियमात हुकमासारखं सैल-घट्ट काही नाही. तो दिवसभर या शिवारातून त्या शिवारात पळतो, बॅटरी उतरते. संध्याकाळी आबा तेच वाक्य खरंखुरं घेऊन येतात, तेव्हा त्याच्यात डीपीपर्यंत चालण्याएवढी वीज उरलेली नसते.