शम्याला नाताळचा मेसेज

चोवीस डिसेंबर, रात्रीचे साडेदहा, गादीवर मांडी घालून बसलोय आणि मोबाइलवर फक्त ‘शम्या,’ एवढंच लिहून झालंय. स्वल्पविरामाच्या पुढं गाडी जाईना.

शम्या म्हणजे शमुवेल, पाचवीपासून एका बाकावरचा. जालन्याचाच. एकोणिसाव्या शतकात नारायण शेषाद्री या मिशनऱ्यानं जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवलं, त्या बेथेलशी त्याच्या घराचं जुनं नातं. म्हणजे चार-पाच पिढ्या इथलंच ऊन खाल्लेली माणसं, आणि मी दरवर्षी त्यांना काय पाठवायचो, तर बर्फात पळणाऱ्या हरणांचा फोटो! काही वर्षांपूर्वी त्यानं विचारलं, ‘‘बे, मोसंबीच्या बागेत बर्फ कुठं पडला रे, पंचनामा करायचा का?’’

तेव्हापासून फॉरवर्ड बंद, आता स्वतः लिहायचं. आणि खरी पंचाईत तिथंच सुरू होते, कारण ‘आपणास व आपल्या परिवारास नाताळच्या हार्दिक शुभेच्छा’ लिहिलं की मी नगरसेवकाला उभा राहिलोय असं वाटतं. ज्याला रोज ‘तू’ आणि बरंच काही म्हणतो त्याला ‘आपणास’ कसं म्हणायचं?

मग एका वर्षी भक्तिभाव आणला. ‘प्रभू येशू तुला भरभरून आशीर्वाद देवो’ असं लिहिलं. त्याचा लगेच फोन, ‘‘बाप्तिस्मा कधी घेतलास? पेढे नाही दिलेस.’’ त्याच्या आईनं हे म्हटलं असतं तर शोभलं असतं, माझ्या तोंडी ते भाड्याचा कोट घातल्यासारखं दिसत होतं. त्याच्या पुढच्या वर्षी ‘सगळे देव एकच, सगळे धर्म समान’ असा चांगला दोन पानी मजकूर पाठवला. त्यावर तो म्हणला, ‘‘मी दिवाळीला तुला समभावावर लेक्चर देतो का? मी चिवडा मागतो.’’ आणि गुड फ्रायडेला मी ‘हॅपी’ लावलं होतं ते तर सांगायलाच नको, तो दिवस येशूला क्रुसावर दिल्याचा, चर्चमध्ये लोक गंभीर होऊन बसलेले, आणि माझा फुगेवाला स्टिकर!

पण यंदाचा पेच या सगळ्याहून वेगळा. ऑगस्टमध्ये शम्याचे वडील गेले. आमच्याकडं माणूस गेलं की वर्षभर सणाला गोड करत नाहीत, म्हणून शुभेच्छा द्यायच्या का नाही हेच कळंना. शेवटी त्याच्या बहिणीला हळूच विचारलं. ती म्हणली, ‘‘दादा, ज्याच्या त्याच्या घरावर असतं. आम्ही लायटिंग नाही करणार, पण येशूचा जन्म थोडाच थांबतो? उपासनेला जाणार. आणि तुम्ही गप्प बसलात तर मम्मीला जास्त वाईट वाटंल.’’

काका नाताळच्या आधी बांबूच्या कामट्यांचा तारा करायचे, वर पतंगाचा कागद. आम्ही दोघं खळ लावायला. सातवीत शम्यानं उत्साहात आत शंभरचा बल्ब लावला, इकडं गायन मंडळी दारात गाणं म्हणतायत आणि वर ताऱ्याचा एक कोपरा पेटलेला! काकांनी पेटी न थांबवता डोळ्यानंच मला बादली दाखवली, मी पाणी मारलं ते ताऱ्यावर कमी आणि गाणाऱ्या मंडळींवर जास्त. त्यानंतर कायम झिरोचा बल्ब.

हे आठवलं आणि हात चालायला लागला:

‘शम्या, मेरी ख्रिसमस. काकांशिवायचा पहिला नाताळ, जड जाईल, मला पण जाऊ लागलाय. तारा केलास का? नसंल केला तर मी कामट्या घेऊन येतो. मावशीला माझा सलाम सांग. करंज्या केल्या असतील तर माझ्या चार बाजूला ठेव, नसतील तर चहा चालंल.’

वाचून पाहिलं. एकही ‘हार्दिक’ नाही! शुद्धलेखनाच्या बाई बघत्या तर उभंच केलं असतं. पण लगेच पाठवला नाही, कारण तेव्हा तो रात्रीच्या उपासनेला जाणार, तिथं फोन बंद, आणि बाहेर आल्यावर दीडशे सांताक्लॉजखाली माझा मेसेज गाडला जाणार. सकाळची उपासना उरकून माणसं घरी येतात तो अंदाज धरला आणि पंचवीसला दुपारी बाराला पाठवला.

निळी टिक आली. मग बराच वेळ ‘टायपिंग’ दिसायचं, बंद व्हायचं, परत दिसायचं. चोवीसला मी जसा बसलो होतो तसाच तो पण बसला असणार.

शेवटी आलं, ‘तारा केलाय. वाकडा झालाय, पाच टोकांतलं एक टोक जालन्याबाहेर चाललंय. करंज्या मम्मीनं थोड्याच केल्यात, तुझ्या दोन. येताना झिरोचा बल्ब आण.’

चार मागितल्या होत्या. दुकानातून बल्ब घेतला, आणि एक बादली पण नेऊ का म्हणून फोन केला.