ओट्यावरचा रस्सा, पहाटेचा गारवा आणि न्यूटनचं नाव

«सर्व गृहिणींनी नक्की वाचा. गरम रस्सा-भात कधीही फ्रिजमध्ये ठेवू नका, फ्रिज बिघडतो. रात्री झाकून ओट्यावर ठेवा. न्यूटनच्या नियमानुसार खोली जसजशी गार होते तसतसा पदार्थ अधिकाधिक वेगाने गार होतो आणि पहाटेपर्यंत खोलीपेक्षाही थंड होतो. उकळलेल्या अन्नात जंतू उरतच नाहीत. सकाळी एक उकळी द्या, झालं. पुढे पाठवा.»

हे माझ्या मावशीपर्यंत पोचलं, आणि तिने ते नुसतं वाचलं नाही, अमलात आणलं. साखरपुड्याचा उरलेला मटणाचा रस्सा पाच लिटरच्या पातेल्यात, शेजारी भाताचं पातेलं, दोन्हींवर घट्ट झाकण, रात्रभर ओट्यावर. मी काही बोलायच्या आत तिनेच मला सुनावलं, "अरे, न्यूटनचं नाव आहे त्यात. तूच गणित शिकवतोस ना?" शिकवतो, मावशी. म्हणूनच डोकं फिरलं.

आधी न्यूटन. वस्तू गार कशा होतात यावरचा त्याचा लेख 1701 साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात निनावी छापून आला. त्याने तापवलेलं लोखंड गार होऊ दिलं, पण स्थिर हवेत नाही, एकसारख्या वाहत्या वाऱ्यात. कारण तापलेली हवा लगेच निघून जाऊन तिच्या जागी तेवढीच गार हवा येत राहावी, म्हणजेच भोवतालचं तापमान बदलू नये, ही त्याची खटपट होती. ज्या माणसाने भोवताल बदलू नये म्हणून वारा लावला, त्याच्या नावावर बदलत्या खोलीचा चमत्कार खपवला जातोय.

भोवताल बदलत असेल तरीही समीकरण लिहिता येतं, अवघड काही नाही:

```
dT/dt = -k (T - A(t))
```

`T` म्हणजे रश्श्याचं तापमान, `dT/dt` म्हणजे ते बदलण्याचा वेग, `A(t)` म्हणजे त्या त्या वेळचं स्वयंपाकघराचं तापमान. `k` ठरतो पातेल्यावरून: आत किती माल आहे आणि उष्णता बाहेर पडायला पृष्ठभाग किती आहे. गार होण्याचा वेग खोली किती गार झाली यावर ठरत नाही, रस्सा आणि खोली यांच्यातल्या फरकावर ठरतो. सगळी मेख इथेच आहे. खोली तासाला एखादा अंश उतरते, रस्सा सुरुवातीला तासाला पंधरा-सतरा. म्हणजे फरक वाढत नाही, झपाट्याने आटतो. फरक आटला की वेगही आटला. «अधिकाधिक वेगाने» हे शब्द नेमके उलटे आहेत.

आकडे घालून बघू. पाच किलो रस्सा, साधारण 24 सेंटिमीटर व्यासाचं झाकलेलं पातेलं, स्थिर हवा. अशा पातेल्याचा `k` ताशी एक तृतीयांशाच्या आसपास येतो. रात्री दहाला रस्सा 90 अंश सेल्सिअस, स्वयंपाकघर 30. खोली तासाला एक अंश उतरत सकाळी सहाला 22 वर येते असं धरू. एवढं बहुतेक स्वयंपाकघरं उतरत नाहीत, पण मेसेजवाल्याला माझ्याकडून ही सूट. वेळ `t` तासांत मोजली तर उत्तर असं:

```
T = 33 - t + 57 e^(-t/3)
```

यावरून मध्यरात्री बारा वाजता रस्सा 60 अंशांवर. दोनला 44. चारला 35. सकाळी सहाला 29, आणि खोली 22. फ्रिजचे चार-पाच अंश कुठे राहिले?

आता गारव्याचं श्रेय किती ते पाहा. खोली रात्रभर 30 वरच अडकून राहिली असती तर दोन वाजता रस्सा 46 असता. म्हणजे चार तासांत उतरत्या खोलीने मिळवून दिले जेमतेम दोन अंश. सहाला तो 34 असता, म्हणजे आठ तासांची कमाई पाच अंश. शिवाय हे पाच अंश मिळतात ते शेवटी-शेवटी, जेव्हा जे बिघडायचं ते बिघडून गेलेलं असतं.

समीकरणात डोळ्यांत भरण्यासारखी आणखी एक गोष्ट आहे. `e` वालं पद मेलं की उरतं `33 - t`, आणि खोली आहे `30 - t`. म्हणजे खोली अशीच उतरत राहिली तरी रस्सा तिच्या मागे तीन अंशांचं अंतर ठेवून उतरत राहतो, तिला गाठत नाही. खोलीचा उतरण्याचा वेग भागिले `k`, हे ते अंतर. पातेलं जितकं मोठं तितका `k` लहान आणि तितकं अंतर जास्त. लग्नाच्या टोपाचं काय होत असेल याचा अंदाज यावरून करा.

«खोलीपेक्षाही थंड» तर फारच झालं. रस्सा खोलीपेक्षा गरम आहे तोवर उतरतो, खोलीइतका झाला की उतरणं थांबतं, कारण फरक शून्य. सहानंतर खोली पुन्हा तासाला एक अंश चढायला लागली असं धरलं, तर दोघांची गाठ साडेनवाच्या सुमारास पडते, साडेपंचवीस अंशांवर. तो रश्श्याचा सगळ्यात गार क्षण. त्यानंतर खोली पुढे जाते आणि रस्सा तिच्या मागोमाग तापतो. तेव्हा तो खोलीपेक्षा किंचित गार असतो हे खरं, पण तो चढतीवर असतो आणि खोलीही चढलेली असते. रात्रीच्या 22 अंशांपर्यंत तो कधी पोचलाच नाही. (माठाचं उदाहरण देऊ नका. माठ पाझरतो आणि बाष्पीभवनाने गार होतो. स्टीलचं झाकलेलं पातेलं पाझरत नाही, आणि वर तेलाचा तवंग असला की रश्श्याची वाफही दबून राहते.)

माझ्या हिशेबातही एक ढिलाई आहे. `k` रात्रभर तोच राहत नाही. पदार्थ फार गरम असताना भोवतालची हवा जोरात वर उठते, किरणोत्सर्गही जास्त, त्यामुळे सुरुवातीला रस्सा या आकड्यांपेक्षा थोडा लवकर उतरेल आणि शेवटी जास्त रेंगाळेल. दुसरं म्हणजे समीकरण सगळ्या पातेल्याला एकच तापमान देतं. पातळ रश्श्यात ते चालून जातं. भाताचं पातेलं मात्र कडेला कोमट आणि मध्ये चटका बसेल असं असतं. खात्री करायची तर अन्नात खुपसायचा थर्मामीटर मध्यभागी घाला. झाकणाला हात लावून काही कळत नाही.

आता ज्या वाक्याने खरं नुकसान होतं त्याकडे येतो: «उकळलेल्या अन्नात जंतू उरतच नाहीत.» जिवंत जंतू मरतात, बीजाणू, म्हणजे त्यांची टणक कवचातली झोपलेली रूपं, उरतात. मटणाच्या बाबतीत नाव घ्यायचं ते क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्सचं. त्याचे बीजाणू उकळी सोसतात आणि ते उगवतात ते नेमके अन्न सावकाश गार होत असताना. 43 ते 47 अंशांमध्ये त्याची वाढ सगळ्यात जोमाने होते, दहा मिनिटांच्या आसपास संख्या दुप्पट. आपला रस्सा दोनच्या सुमारास तिथूनच रमतगमत चालला होता. उकळीने बाकीचे जंतू मेलेले, म्हणजे स्पर्धाही नाही.

भाताचा शत्रू वेगळा, बॅसिलस सेरियस. त्याचेही बीजाणू शिजण्यातून वाचतात, आणि भात कोमट राहिला की तो एक विष तयार करतो. सेरुलाइड त्याचं नाव. हे विष 121 अंशांना दीड तास ठेवलं तरी टिकतं. घरातल्या कुकरची शिट्टीही साधारण त्याच तापमानाला होते. त्यामुळे «सकाळी एक उकळी द्या, झालं» हे भाताला लागूच पडत नाही. फोडणीच्या भाताने उलट्या झाल्या की आपण फोडणीला दोष देतो.

रश्श्यापुरतं मात्र नाइलाजाने एक कबूल करतो. परफ्रिंजेन्सच्या जिवंत पेशी खळाखळा उकळी दिली तर मरतात, आणि त्याचं दुखणं जिवंत पेशी पोटात गेल्यामुळेच होतं. पण सकाळच्या घाईत कोण पाच लिटर रस्सा मध्यापर्यंत उकळतं? कडेला बुडबुडे दिसले की गॅस बंद.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची फूड कोड नावाची नियमावली आहे. तिच्यात व्यावसायिक स्वयंपाकघरासाठी अट अशी: शिजवलेलं अन्न 57 अंशांवरून 21 वर दोन तासांत यायला हवं, आणि 57 पासून धरून एकूण सहा तासांत 5 अंशांवर. आपला रस्सा 57 ओलांडतो सव्वाबाराच्या सुमारास. दोन तासांनी तो 21 वर हवा होता, होता 42 वर. आणि 22 अंशांच्या खोलीत 21 होणारच कसं? समीकरणातला `A` जिथे थांबतो तिथेच अन्न थांबतं. त्याला पाचावर आणायचं तर भोवताल पाचाखाली हवा, म्हणजेच फ्रिज.

फ्रिज बिघडण्याबद्दल अर्धं खरं आहे, तेही सांगतो. पाच लिटर उकळता रस्सा तसाच आत ढकलला तर फ्रिजमधलं तापमान वाढतं आणि शेजारचं दूध, दही तापतं. फ्रिजचा कॉम्प्रेसर बराच वेळ चालू राहतो, पण एवढ्याने तो मोडत नाही. शिवाय फ्रिजमध्येही पातेल्याचा `k` फारसा बदलत नाही, म्हणून मोठं पातेलं तिथेही तासन्‌तास कोमट राहतं. यावर उपाय `k` वाढवण्याचा: पसरट डब्यांत दोन-तीन बोटं उंचीपर्यंत ओता, आणि आधी पाण्यात ठेवून ढवळा.

पाण्याचीही एक गोम आहे, आणि इथे भोवताल बदलण्याचा मुद्दा खरोखर कामाचा ठरतो. 90 अंशांचा पाच किलो रस्सा 25 अंशांच्या दहा लिटर पाण्यात ठेवला, तर पाणीच तापत जातं आणि दोघं मिळून 46 अंशांवर येऊन थांबतात. म्हणजे अगदी परफ्रिंजेन्सच्या आवडत्या जागी. मावशी परातीत पातेलं ठेवून टीव्हीपुढे जाऊन बसते तेव्हा हेच होतं. ते पाणी ओतून नवं दहा लिटर घेतलं की 32 पर्यंत उतरतो. तिसऱ्या पाण्यात बर्फ टाकायचा, मग डब्यांत भरून थेट फ्रिजमध्ये. भात ताटात पातळ पसरला की त्याला पाणीसुद्धा लागत नाही, पंख्याखाली लवकरच निवतो, आणि मग लगेच डब्यात भरून आत.