साडीमागे पंचेचाळीस रुपये? बास झालं!

"घरबसल्या तेवढेच चार पैसे" हे वाक्य यापुढे कोणी माझ्यासमोर बोलायचं नाही. फॉल-बीडिंग घरी करणाऱ्या बाईचा वेळ म्हणजे काय रस्त्यावर पडलाय?

दुकानदार गिऱ्हाइकाकडून साडीमागे एकशेवीस घेतो आणि मला पंचेचाळीस टेकवतो. फॉल त्याचा; दोरा, मशीन, वीज आणि डोळे माझे. वर ऐकवतो, "एका साडीला असा किती वेळ लागतो?"

किती लागतो ते ऐकाच. सुती फॉल आधी भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्यावा लागतो. तसाच लावला तर पहिल्या धुण्यात आटतो आणि साडीचा काठ चुण्या पडून गोळा होतो. मग खालची कड मशीनवर आणि वरची हातशिलाईने. अडीच मीटर! तीही सुईत कापडाचा एखादाच धागा उचलत, कारण सुलट बाजूला टाका दिसला की साडी परत. शेवटी दोन्ही टोकांना बीडिंग. फॉल वाळायचा वेळ सोडूनही एका साडीला सव्वा तास जातो.

म्हणजे दहा साड्यांचे साडेबारा तास. त्यात रंग जुळवून दोरा आणणं आणि दुकानाच्या खेपा यांचे दोन तास. मिळतात साडेचारशे, त्यातून दोरा आणि रिक्षा मिळून साठ गेले. उरले तीनशे नव्वद, भागिले साडेचौदा. तासाला सत्तावीस रुपये! हा जोडधंदा आहे? ही लूट आहे. आणि तेही वेळेवर नाही. लग्नसराईत साड्या "उद्या सकाळीच" हव्यात, पैसे मागायला गेलं की "शेठ बाहेर गेलेत".

सत्तर मागितले तर म्हणाला, दुसऱ्या बायका पस्तीसला करतात. तिथेच माझा निर्णय झाला. सत्तर दिले असते तरी तासाला पंचेचाळीससुद्धा पडत नव्हते, आणि हा माणूस तेवढंही द्यायला तयार नाही. दर वाढणार नाही आणि हातशिलाईचा वेळ कमी होणार नाही, मग वाट कशाची बघायची? सवय झाली की काम जलद होतं म्हणतात. मशीनचं होतं, हातशिलाईचं फारसं नाही. घाई केली की टाके सुटतात, आणि उसवून पुन्हा करायचे पैसे कोणी देत नाही.

सोसायटीतल्या बायका स्वतः साडी आणून एकशेवीस देतात. फॉल-दोऱ्याचे तीस गेले तरी सव्वा तासाला नव्वद सुटतात, म्हणजे तासाला बहात्तर, खेपा शून्य. अशा साड्या महिन्यात थोड्याच येतात. येऊ देत थोड्या, तेवढ्याच करीन.

दुकानाचं काम मात्र बंद. आधीची बाकी वसूल होईपर्यंत त्याच्या तयार साड्या माझ्या कपाटात राहतील, आणि नवी पिशवी मी उचलणार नाही. लग्नसराई त्याची आहे, माझी नाही.